काउंटरवर वय तपासताना: वाईन शॉपमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

दुकानात नवीन मुलगा लागला की पहिले दोन दिवस त्याला बाटल्यांची नावं, भाव आणि रॅक पाठ करायला सांगतात. वय कसं तपासायचं हे मात्र कोणी शिकवत नाही. 'लहान वाटला तर विचार' एवढंच सांगून त्याला काउंटरवर उभं करतात. मलाही पुण्यातल्या माझ्या पहिल्या दुकानात असंच उभं केलं होतं. पुढे बारा वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. हे महाराष्ट्रातल्या वाईन शॉप आणि बिअर शॉपीच्या काउंटरसाठी आहे, पण सिगारेट-तंबाखू विकणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी तीन आकडे

महाराष्ट्रात वयाची एकच रेषा नाही. तंबाखूच्या कुठल्याही पदार्थासाठी १८, बिअरसाठी २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडी, जिन अशा कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. वाइनला आमच्या दुकानात आम्ही बिअरचाच नियम लावतो. म्हणजे समोरच्याचं वय काय, यापेक्षा तो काय मागतो आहे हे आधी कानावर पडायला हवं. बावीस वर्षांच्या मुलाला बिअर देता येते, रमची क्वार्टर देता येत नाही. नवीन मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'अठरा पूर्ण आहे ना, मग झालं' असं त्यांच्या डोक्यात असतं, कारण मतदानाला अठरा, लायसनला अठरा. गोव्यात दारूलाही अठराच लागतात, त्यामुळे तिथून फिरून आलेला मुलगा खरोखर मनापासून वाद घालतो. त्याचं तिथलं म्हणणं बरोबर असतं. पण आपण ज्या राज्यात उभे आहोत, तिथला नियम चालतो.

काउंटरवर उभं राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पक्की माहीत करून घ्यावी. मूल अठराच्या आतलं असेल आणि त्याच्या हातात दारू किंवा तंबाखू दिली, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७ लागू शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम बाटली देणाऱ्या माणसाला लागतं. परवाना मालकाच्या नावावर असला तरी देणारा हात आपला असतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या मालकांबरोबर तिथल्या व्यवस्थापकांनाही अटक झाली होती.

वय काढू नका, तारीख ताडून पाहा

मी केलेली चूक सांगतो. नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. रात्रीची गर्दी होती, एकाने रम मागितली, लायसन दाखवलं. जन्मसाल १९९८. मी मनात २३ मधून ९८ वजा केले, पंचवीस आले, बाटली दिली. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका वयस्कर गिऱ्हाइकाने कार्ड पाहिलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्याचा वाढदिवस डिसेंबरात आहे. अजून महिना बाकी आहे." तोवर मुलगा निघून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून मी डोक्यात वजाबाकी करणं सोडलं.

त्याऐवजी रोज शटर उघडल्यावर पहिलं काम म्हणजे एका पुठ्ठ्यावर तीन तारखा लिहायच्या आणि पुठ्ठा आपल्याला दिसेल असा, पण गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा गल्ल्याजवळ लावायचा. तारीख आजचीच, फक्त साल मागे न्यायचं. समजा आज १२ डिसेंबर २०२५ आहे, तर पुठ्ठ्यावर असं लिहायचं: कडक दारू, १२/१२/२००० किंवा आधी. बिअर, १२/१२/२००४ किंवा आधी. तंबाखू, १२/१२/२००७ किंवा आधी.

आता कार्डावरची जन्मतारीख आणि पुठ्ठ्यावरची तारीख शेजारी शेजारी धरून बघायची. आधी साल बघा. कार्डावरचं साल पुठ्ठ्यापेक्षा लहान असेल तर माणूस मोठा, विषय संपला. साल मोठं असेल तर माणूस लहान, तिथेही विषय संपला. साल सारखं निघालं तरच महिना आणि दिवस बघायचे. मोठं साल म्हणजे लहान माणूस, हे उलटं गणित पहिले काही दिवस डोक्यात बसत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर 'किंवा आधी' हे शब्द जरूर लिहा. आणि ज्याचा आजच वाढदिवस आहे त्याला अडवायचं नाही. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ मध्ये अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो असं धरलं आहे, आम्ही तिन्ही वयांना तोच हिशेब लावतो.

पुठ्ठा रोज बदलायला विसरू नका. कालचा पुठ्ठा राहिला तर आज वाढदिवस असलेल्या माणसाला उगीच परत पाठवाल. आणि १ जानेवारीला डिसेंबरचाच पुठ्ठा राहिला तर नुसत्या साल बघण्यावर चालणारी सगळी पद्धतच गडबडते.

कोणाला विचारायचं आणि कधी

चेहऱ्यावरून वय ओळखायला जाऊ नका. दाढी राखली की विशीतला मुलगा तिशीचा वाटतो आणि बारीक अंगाची तिशीतली बाई विशीची. आमच्या दुकानात घालून दिलेला नियम असा की जो तिशीच्या आतला वाटतो त्या प्रत्येकाला विचारायचं. पंचविशीची रेषा आहे, मग तिशी का? कारण चेहरा वाचण्यात माणूस चार-पाच वर्षं सहज चुकतो, ती चूक या मधल्या पट्ट्यात मुरते. बत्तीस वर्षांच्या माणसाला विचारलं गेलं तर तो बहुधा खूश होतो.

विचारायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. मागणी कानावर पडली की लगेच, बाटली रॅकवरून काढायच्या आधी. एकदा बाटली काउंटरवर आली, त्याने क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवले, की तुम्ही नाही म्हणताना तुमच्याच हातात त्याचे पैसे अडकलेले असतात. मग परतावा, वाद, मागची रांग ओरडते आणि नवीन मुलगा दबून बाटली देऊन टाकतो. पैसे येण्याआधी दिलेला नकार दहा सेकंदांत संपतो.

वाक्य साधं ठेवा: "दादा, ओळखपत्र दाखवता का? मूळ कार्ड किंवा डिजिलॉकरमधलं." मुलगी असेल तर ताई. अरे-तुरे नको, समोरचा कितीही लहान वाटला तरी. आवाज सगळ्यांना विचारतो तसाच ठेवायचा. "वय काय तुझं?" असं कधीच विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, आणि मागितलंत वय पण हवी होती तारीख, असं होतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. आपण विक्रीबरोबर फाडतो तो एक दिवसाचा मद्यसेवन परवाना, विदेशी दारूला पाच रुपयांचा आणि देशीला दोन रुपयांचा, तो वयाचा पुरावा नव्हे. पुस्तक आपल्याच गल्ल्यात असतं, आपणच फाडतो. आपण वय न बघता फाडलेला कागद आपल्याला वाचवणार कसा?

कार्ड हातात आल्यावर

कार्ड हातात घ्या. पाकिटाच्या प्लास्टिकच्या खिडकीतून दाखवलेलं, दोन बोटांत धरून हलवलेलं कार्ड वाचता येत नाही. "जरा काढून देता का" म्हणायचं. मग तीन गोष्टी याच क्रमाने बघा: जन्मतारीख, फोटो आणि कार्डाची अवस्था. जन्मतारीख आधी अशासाठी की ती बसत नसेल तर पुढचं काहीच बघावं लागत नाही. खरं सांगायचं तर अडवावी लागणारी बहुतेक मुलं स्वतःचं, अस्सल कार्ड दाखवतात आणि आशेवर असतात की तुम्ही नीट वाचणार नाही.

वाहन परवाना मला सगळ्यात सोयीचा वाटतो. जन्मतारीख स्पष्ट छापलेली असते आणि खोडसाळपणा पकडायला त्यात एक उपयोगी खूण आहे. परवान्याचा क्रमांक `MH14 2019XXXXXXX` अशा घडणीचा असतो. पहिली अक्षरं राज्याची, पुढचे दोन अंक आरटीओचे, म्हणजे १२ पुणे आणि १४ पिंपरी-चिंचवड, आणि त्यापुढचे चार अंक परवाना पहिल्यांदा निघाला त्या सालाचे. ते साल आणि जन्मसाल यांत निदान अठरा वर्षांचं अंतर हवं. गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, म्हणून कधी सोळाही दिसेल. त्यापेक्षा कमी अंतर दिसलं तर तारखेत काहीतरी गडबड आहे. याच कारणाने लायसन आहे म्हणजे अठरा पूर्ण असंही धरू नका. लायसनवरची तारीखच वाचा.

पॅन कार्डावर जन्मतारीख दिवस, महिना, साल अशी असते. पॅन अठराच्या आतल्या मुलांनाही मिळतं, पण त्यावर फोटो आणि सही नसते. फोटो नसलेलं पॅन समोर आलं तर ते लहानपणी काढलेलं आहे, एवढंच कळतं. माणूस आता मोठा झाला असेल, पण कार्ड त्याचंच आहे हे फोटोशिवाय ठरवता येत नाही. दुसरं कार्ड मागा.

मतदार कार्ड दोन प्रकारचं दिसेल. नव्या प्लास्टिकच्या कार्डावर जन्मतारीख असते. जुन्या, लॅमिनेशन केलेल्या कार्डांवर बऱ्याचदा तारखेऐवजी 'अमुक सालच्या १ जानेवारी रोजी वय इतकं' असं लिहिलेलं असतं. समजा '१-१-२००८ रोजी वय २०' असं आहे. तर तो माणूस आज सदतीसच्या खाली असूच शकत नाही. समोर मिसरूड फुटलेला मुलगा उभा असेल तर कार्ड बनावट नाही, ते त्याच्या काकाचं किंवा मोठ्या भावाचं आहे. जुनं मतदार कार्ड आणि तरुण हात ही जोडी दिसली की फोटो दोनदा बघा.

आधारबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दहातले आठजण तेच पुढे करतात. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, हे आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच डिसेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे. कारण नोंदणीच्या वेळी अनेकांनी कागद न दाखवता तारीख तोंडी सांगितली होती. म्हणून काही आधार कार्डांवर पूर्ण तारीख नसते, नुसतं जन्मवर्ष असतं. तेव्हा त्या वर्षाचा शेवटचा दिवस, ३१ डिसेंबर, हीच जन्मतारीख धरायची. नुसतं '२०००' लिहिलेल्या माणसाला १२ डिसेंबर २०२५ ला व्हिस्की द्यायची नाही, कारण तो अजून चोवीसचा असू शकतो.

पण १ जून तारीख दिसली म्हणून संशय घेऊ नका. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी कितीतरी पोरांना १ जूनचा वाढदिवस दिला, हे कोणाही मराठी माणसाला माहीत आहे. कागदावर जी तारीख आहे तीच आपल्याला धरायची आहे.

आधारवर छापलेली तारीख झेरॉक्सच्या दुकानात कोणीही बदलून पुन्हा छापू शकतो. क्यूआर कोडमधली माहिती मात्र बदलता येत नाही, कारण तिच्यावर डिजिटल सही असते. साध्या कॅमेऱ्याने तो कोड वाचलात तर आकड्यांची लांबलचक माळ दिसेल, अर्थ लागणार नाही. प्राधिकरणाच्या अधिकृत ॲपमधूनच वाचावा लागतो, मग नाव, जन्मतारीख आणि फोटो पडद्यावर येतो. छापलेली तारीख आणि पडद्यावरची तारीख वेगळी निघाली तर कार्डात फेरफार झालेला आहे. हे ॲप दुकानाच्या फोनवर आधीच घेऊन ठेवा, गर्दीत डाउनलोड करत बसू नका, आणि कोड वाचण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा. माझी स्वतःची सवय अशी की आधारवरची तारीख रेषेच्या दोन वर्षांच्या आतबाहेर असेल, तर मी त्याबरोबर लायसन किंवा पॅन मागतो. रेषेपासून ती लांब असेल तर फोटो जुळला की पुरे.

पासपोर्ट काउंटरवर क्वचित येतो, बहुतेक परदेशी पाहुण्यांकडून. पासपोर्ट लहान बाळालाही मिळतो, त्यामुळे इथेही तारीखच वाचायची. फोटोच्या पानाखाली `<<<` अशा खुणा असलेल्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर सहा अंक असतात: सालाचे शेवटचे दोन, मग महिना, मग दिवस. १९ ऑगस्ट २००३ चा जन्म असेल तर ते असं दिसेल:

```
IND0308197M
```

वर छापलेली जन्मतारीख आणि हे सहा अंक जुळलेच पाहिजेत. सहा अंकांनंतरचा सातवा अंक, इथे ७, हा पडताळणीचा आहे. सहा अंकांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. इथे ०, ९, ०, ५६, ३, ९ मिळून ७७ होतात, शेवटचा अंक ७. कोणी साल खोडून ९८ केलं तर बेरीज १५५ होईल आणि तिथे ५ हवा होता. रोज एवढं करायला कोणाला वेळ नसतो, पण हातातल्या पासपोर्टबद्दल खरोखर शंका आली तर कागद-पेनाने अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. परदेशी पाहुण्यांकडून त्यांच्या देशाचं लायसन घेऊ नका. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे `03/12/2000` ही तिकडे १२ मार्च असते आणि आपण ती ३ डिसेंबर वाचतो. साल रेषेवरचं असेल तेव्हा एवढ्यावरून निर्णय चुकतो.

कॉलेजचं ओळखपत्र, जिमचं कार्ड, कंपनीचा बिल्ला यांतलं काहीच चालत नाही, त्यावर तारीख असली तरी. ती कार्डं कोणीही छापून घेऊ शकतो.

फोनवर दाखवलं तर

गॅलरीतला फोटो, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, स्क्रीनशॉट यांना सरळ नाही म्हणायचं. फोटोतली तारीख बदलायला फोनवरच पाच मिनिटं लागतात. डिजिलॉकरमधलं कार्ड मात्र मूळ कार्डाइतकंच ग्राह्य आहे, पण ते ॲप तुमच्यासमोर उघडलेलं हवं. "एकदा बंद करून परत उघडता का" असं सांगा. स्क्रीनशॉट असेल तर इथेच कळतं.

डिजिलॉकरमध्ये आणखी एक फट आहे, जी नवीन मुलांना माहीत नसते. `Issued` विभागातली कार्डं थेट सरकारी खात्याकडून आलेली असतात. पण त्याच ॲपमध्ये माणूस स्वतः काढलेले फोटोही चढवून ठेवू शकतो, तो विभाग `Drive`. तिथलं कार्ड म्हणजे पुन्हा गॅलरीतला फोटोच. म्हणून कार्ड कुठल्या विभागातून उघडतो आहे ते बघा.

चेहरा जुळवताना

उसनं कार्ड हा बनावट कार्डापेक्षा कितीतरी जास्त दिसणारा प्रकार आहे. मोठ्या भावाचं, खोलीतल्या मित्राचं. कार्ड अस्सल असतं, तारीख बरोबर असते, फक्त माणूस वेगळा असतो. हेल्मेट, टोपी, मास्क असेल तर काढायला सांगा. फोटोत केस, दाढी आणि जाडी बघू नका, त्या बदलतात. कानांची ठेवण, दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाचं टोक, हनुवटी, तीळ हे बदलत नाही. भाऊ-भाऊ असतील तर डोळे-नाक सारखे निघतात, कान बरेचदा वेगळे.

शंका राहिली तर मी एक प्रश्न विचारतो: "दहावी कुठल्या साली?" जन्मतारीख पाठ करून आलेला मुलगा या प्रश्नाला अडखळतो, कारण त्याने उत्तराचा विचारच केलेला नसतो. २००० सालचा जन्म म्हणजे दहावी साधारण २०१६. पण आपोआप त्याच्या तोंडून स्वतःचं साल निघून जातं. २०२० च्या बॅचचा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला होता आणि २०२१ च्या बॅचची परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे या दोन वर्षांची मुलं आपली दहावी विसरत नाहीत. एक सांभाळा: उत्तर चुकलं म्हणून तेवढ्यावर नकार देऊ नका. कोणी एखादं वर्ष मागे राहिलेलं असतं, कोणी परराज्यात शिकलेलं असतं. या प्रश्नाने शंका वाढली तर दुसरं कार्ड मागायचं, एवढाच त्याचा उपयोग.

एक संध्याकाळ

शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५, रात्रीचे नऊ. पंचविशीतला वाटणारा मुलगा व्हिस्कीची क्वार्टर मागतो. बाटलीला हात न लावता ओळखपत्र मागायचं. तो पिंपरी-चिंचवडचं लायसन देतो, जन्मतारीख ०५/०३/२००१. पुठ्ठ्यावर कडक दारूची तारीख १२/१२/२०००. कार्डावरचं साल मोठं, म्हणजे तो चोवीसचा आहे. क्रमांकातलं साल २०१९, जन्म २००१, अंतर अठरा, म्हणजे कार्डात काही गडबड नाही. फोटोही जुळतो. मुलगा खरं बोलतो आहे, फक्त तीन महिने कमी पडतात.

इथे शब्द असे: "दादा, कार्ड बरोबर आहे, पण व्हिस्कीला पंचवीस पूर्ण लागतात. तुमचे मार्चमध्ये होतात. बिअर देता येईल." बिअरची रेषा १२/१२/२००४, तिच्या तो बराच पलीकडे आहे. बहुतेक जण इथे बिअर घेतात किंवा निघून जातात. तो म्हणतो, "मग मित्र घेईल," आणि बाहेर गाडीवर बसलेल्याला हाक मारतो. मित्र आत येऊन फोनमधला आधारचा फोटो दाखवतो. आता मित्राचं वय काहीही असो, ती बाटली कोणासाठी आहे हे तुम्ही कानांनी ऐकलं आहे. "तुमच्यासाठीच मागवताय हे मला माहीत आहे, मग मला देता येणार नाही." हे सांगताना नजर खाली नको आणि आवाजही चढवायचा नाही. तो "रोज घेतो मी इथून" म्हणाला तर त्यावर वाद घालू नका, कदाचित कोणीतरी खरंच दिलं असेल. "आज मी आहे आणि मला तारीख बघावी लागते," एवढंच म्हणा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळा. मागच्या माणसाला "बोला साहेब" म्हटलं की रांगच त्याला बाजूला सारते.

तो गेल्यावर वहीत एक ओळ लिहा: तारीख, वेळ, काय मागितलं, का दिलं नाही. उदाहरणार्थ '१२/१२, रात्री ९:१०, व्हिस्की क्वार्टर, वय २४, नंतर मित्रामार्फत प्रयत्न.' गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही, आधार क्रमांक तर अजिबात नाही, आणि कार्डाचा फोटो कधीही काढून ठेवायचा नाही. ही वही दोन कामांसाठी असते. शिफ्ट बदलली की पुढच्या माणसाला कळतं की तासाभराने तोच मुलगा परत येईल. आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे निरीक्षक आले तर आपण खरंच विचारतो हे दाखवता येतं.

सिगारेट आणि तंबाखू

शेजारच्या टपरीवर किंवा आपल्याच काउंटरवर सिगारेट असेल तर रेषा अठराची. इथे कायद्याने एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: घेणारा अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, आणि शंका आल्यास पुरावा मागायचा अधिकारही त्यालाच आहे. २००३ च्या तंबाखू कायद्यातला दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, म्हणून लोक हलक्यात घेतात. वर सांगितलेलं कलम ७७ तंबाखूलाही लागतं हे त्यांना ठाऊक नसतं. अठराच्या आतल्याला विकणं गुन्हा आहे असं सांगणारी ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावावी लागते, आणि विकायला बसलेला स्वतःही अठराच्या आतला चालत नाही. बाप जेवायला गेला आणि गल्ल्यावर पोरगा बसला, हे गावोगाव दिसतं. तेही नियमात बसत नाही.

तंबाखूत सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे दहा-बारा वर्षांचं पोर. हातात नोट घेऊन ते म्हणतं, "आजोबांनी तंबाखूची पुडी सांगितलीय." ते खोटं बोलत नसतं. आजोबाही वाईट माणूस नसतात, त्यांच्या लहानपणी तेही असेच दुकानात धाडले गेले होते. तरी पुडी त्या पोराच्या हातात द्यायची नाही. त्याला रागवायचंही नाही, त्याचा काही दोष नाही. मी नोट त्याच्याच मुठीत परत देतो आणि म्हणतो, "आजोबांना सांग, काकांनी बोलावलंय, येऊन घेऊन जा." आमच्या गल्लीतले दोन आजोबा आधी चिडले होते. आता संध्याकाळी स्वतः चालत येतात, कधी नातवाला बरोबर घेऊन, आणि पुडी आपल्या हाताने घेतात.